चौदा ते वीस तारखांमधील ताळमेळ

बँकेत असताना व्यापाऱ्यांच्या ताळेबंदासोबत मी एक कागद आवर्जून मागत असे, तो म्हणजे बँक ताळमेळ पत्रक. रोजकीर्द म्हणते खात्यात पाच लाख आहेत, पासबुक म्हणते चार लाख ऐंशी हजार. दोन्ही खरे असू शकते. आपण भरलेला एखादा धनादेश अद्याप वटलेला नसतो, किंवा बँकेने आकार वजा केलेले असतात आणि आपण ते लिहिलेले नसतात. या वीस हजारांचा एकेक रुपया कोठे आहे हे ज्याला सांगता येई, त्याच्या हिशेबावर मी विश्वास ठेवत असे.

जीएसटी १ जुलै २०१७ रोजी आला आणि आता हाच ताळमेळ दरमहा खरेदीच्या बिलांचा करावा लागतो. फरक एवढाच की येथे पासबुकाच्या जागी जीएसटीआर-२बी, म्हणजे बोलीतले ‘टू-बी’, हे विवरण आहे. आपल्या पुरवठादारांनी त्यांच्या विक्रीच्या विवरणात, म्हणजे जीएसटीआर-१ मध्ये, आपल्या नावे जी बिले दाखविली, त्यांची ही यादी महिना संपल्यावर पुढील महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर तयार होते. करभरण्याचे विवरण, जीएसटीआर-३बी, २० तारखेपर्यंत द्यायचे असते. १ जानेवारी २०२२ पासून नियम कडक झाला. त्यापूर्वी यादीत नसलेल्या बिलांसाठीही काही टक्के सवलत मिळत असे. आता बिल या यादीत नसेल, तर त्यावरील कराची वजावट, म्हणजे इनपुट टॅक्स क्रेडिट, त्या महिन्यात घेता येत नाही, मग बिल तुमच्या हातात असो आणि त्याचे पैसे तुम्ही चुकते केलेले असोत.

गेल्या वर्षी १८ जूनच्या संध्याकाळी भोसरीचे एक स्नेही सूनबाईंना घेऊन घरी आले. त्यांचे नट-बोल्ट व हत्यारांचे दुकान आहे आणि माल मुख्यतः चाकण, म्हाळुंगे, निघोजे येथील कारखान्यांना जातो. टॅलीवरील सर्व काम सूनबाई पाहतात. मे २०२५ चे विवरण भरायचे होते. “काका, फरक फक्त सहा हजार तीनशेचा आहे,” त्या म्हणाल्या. “टू-बीप्रमाणे भरून टाकू का?”

आकडे असे होते. (समजण्यास सोपे जावे म्हणून केंद्र, राज्य व एकात्मिक कर येथे एकत्र धरले आहेत.) विक्रीवरील कर ४,९५,००० रुपये. टॅलीतील खरेदीवरील क्रेडिट ४,३२,००० रुपये. टू-बीमधील क्रेडिट ४,२५,७०० रुपये. टॅलीप्रमाणे रोख भरणा ६३,००० आणि टू-बीप्रमाणे ६९,३००. मी म्हटले, “एकूण बेरजांमधील फरक पाहू नका. उलट दिशेच्या दोन चुका एकमेकींना झाकतात. बिलागणिक पाहू.”

टू-बीची फाइल पोर्टलवरून उतरवून त्यांनी टॅलीत घेतलेली होतीच. `GSTR-2B Reconciliation` हा अहवाल उघडला की बिलांचे चार गट पडतात: जुळलेली, तपशिलात तफावत असलेली, फक्त आपल्या वहीत असलेली आणि फक्त पोर्टलवर असलेली. जुळलेल्यांकडे पुन्हा पाहण्याचे कारण नाही. उरलेल्या तीन गटांत काम आहे.

आरंभ नेहमी बिल क्रमांकापासून करावा. तीन बिले वहीतही वेगळी दिसत होती आणि पोर्टलवरही वेगळी, वास्तविक ती एकच होती. पुरवठादाराचा क्रमांक होता `CF/147/25-26` आणि दुकानातील मुलाने लिहिले होते `147`. दुसऱ्या दोन बिलांवर त्याने आपल्याच आवक नोंदवहीचा क्रमांक टाकला होता. टॅलीच्या खरेदी नोंदीत `Supplier Invoice No.` अशी स्वतंत्र जागा असते. तेथे छापील बिलावरील क्रमांक, तिरक्या रेघा आणि शून्यांसह, जसाच्या तसा लिहावा आणि शेजारी बिलाची तारीख लिहावी, माल आल्याची नव्हे. ही तीन बिले दुरुस्त होताच जुळली. रकमेत काही बदलले नाही, पण खोट्या तफावती गळून गेल्या आणि खऱ्या तेवढ्या उरल्या.

फक्त वहीत असलेली तीन बिले राहिली. त्यांच्यावरील कर ४८,६०० रुपये होता, परंतु तिघांची कारणे भिन्न होती.

पहिले तळवड्याच्या एका लहान कारखानदाराचे, कर १४,४०० रुपये. पाच कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना तिमाही विवरणाची मुभा आहे आणि ती त्यांनी घेतलेली होती. असा पुरवठादार तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांची बिले इच्छा असल्यास पुढील महिन्याच्या १३ तारखेपर्यंत पोर्टलवर चढवू शकतो, त्याच्यावर सक्ती नाही. त्यांनी चढविली नाहीत, म्हणून मे महिन्याचे बिल जूनच्या यादीत येणार होते. येथे कोणाची चूक नाही. असे पुरवठादार कोण आहेत हे वर्षारंभीच विचारून ठेवले, तर दरमहा घाबरण्याचे कारण उरत नाही.

दुसरे बिल एका घाऊक व्यापाऱ्याचे, कर २७,००० रुपये. त्याने ११ तारखेची मुदत चुकवून १६ तारखेला विवरण भरले होते. त्यामुळे बिल पोर्टलवर दिसत होते, पण ते मेच्या नव्हे तर जूनच्या टू-बीमध्ये जाणार होते.

तिसऱ्याचे कारण सर्वांत त्रासदायक, कर ७,२०० रुपये. पुरवठादाराने विवरण वेळेवर भरले होते, परंतु आमच्या स्नेह्यांच्या पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांकाऐवजी दुसऱ्याच कोणाचा क्रमांक निवडला होता. हे आपोआप कधीच येत नाही. कितीही महिने वाट पाहिली तरी पुरवठादाराने पुढील जीएसटीआर-१ मध्ये दुरुस्ती केल्याखेरीज ते क्रेडिट मिळत नाही. म्हणून ‘बिल आले नाही’ एवढे म्हणून थांबू नये, का आले नाही ते विचारावे.

आता फक्त पोर्टलवर असलेली बिले, कर ४२,३०० रुपये. येथे लोक चुकतात, कारण यादीत जास्त दिसते ते आपलेच असे त्यांना वाटते.

पहिले लुधियानाच्या बोल्टांचे बिल, कर ३६,००० रुपये. माल ३० मे रोजी निघाला आणि ३ जूनला भोसरीत उतरला. बिल मे महिन्याचे असले तरी माल हाती येईपर्यंत क्रेडिट घेता येत नाही, हा कायदा आहे. ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर आयएमएस, म्हणजे बिलांवर आपला निर्णय नोंदविण्याची व्यवस्था, आली आहे. तेथे प्रत्येक बिल स्वीकारता येते, नाकारता येते किंवा प्रलंबित ठेवता येते. काहीच केले नाही तर ते स्वीकारले असे धरले जाते. लुधियानाचे बिल आम्ही `Pending` केले, म्हणजे मेच्या हिशेबातून ते निघाले आणि जूनमध्ये स्वीकारण्यास मोकळे राहिले.

दुसरे ३०,००० रुपयांच्या मालाचे, कर ५,४०० रुपये. हा माल कधी मागविलाच नव्हता. कोणाच्या तरी हातून त्यांचा क्रमांक चुकून पडला होता. फोन करून खात्री केल्यावर ते `Reject` केले. घाईने मात्र कधी नाकारू नये. दुकानाचे बिल घरच्या कपाटात राहिले असेल, तर नाकारलेले क्रेडिट परत मिळविण्यास पुरवठादाराच्या मागे लागावे लागते.

तिसरे बँकेचे, कर ९०० रुपये. कॅश क्रेडिट मर्यादेच्या नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के. सूनबाईंनी सर्व ५,९०० रुपये बँक खर्चात टाकले होते. मला हसू आले. ज्या बँकेच्या आकारांबद्दल व्यापारी आम्हाला जन्मभर बोलले, त्यावरील कराची वजावट मात्र पुष्कळजण सोडून देतात. बँकेकडे आपला जीएसटी क्रमांक नोंदविलेला असला की ते यादीत येते. फक्त नोंद दोन भागांत करावी लागते.

आयएमएसमध्ये १४ तारखेनंतर निर्णय नोंदविले, तर टू-बी पुन्हा तयार करून घ्यावी लागते. तेथेच त्याचे बटण आहे. ते दाबल्याशिवाय थ्री-बीमध्ये जुनेच आकडे उतरतात. आम्ही ते केले आणि अंतिम हिशेब दोन्ही बाजूंनी मांडला. वहीतील ४,३२,००० मधून ४८,६०० वजा आणि बँकेचे ९०० अधिक: ३,८४,३००. टू-बीमधील ४,२५,७०० मधून लुधियानाचे ३६,००० आणि परक्याचे ५,४०० वजा: ३,८४,३००. दोन्ही वाटांनी एकच आकडा आला की ताळमेळ झाला असे समजावे.

मात्र रोख भरणा आता १,१०,७०० रुपये झाला होता. वहीप्रमाणे काढलेल्या रकमेहून ४७,७०० अधिक आणि हाती दोनच दिवस. स्नेही क्षणभर गप्प राहिले. “साहेब, हे पैसे बुडाले?” त्यांनी विचारले. मी सांगितले, बुडाले नाहीत, न वटलेल्या धनादेशासारखे पुढे गेले आहेत. वहीप्रमाणे भरून क्रेडिट घेतले आणि वापरले असते, तर पुढे वर्षाला १८ टक्के व्याजासह ते परत करण्याची वेळ आली असती. त्यांनी कॅश क्रेडिटमधून रक्कम उचलली आणि १९ तारखेला विवरण भरले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दोन गोष्टी सुरू केल्या. मुदत चुकविणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याला सांगितले की मालाचे पैसे ठरल्याप्रमाणे मिळतील, परंतु कराची रक्कम बिल टू-बीमध्ये दिसल्यावर. व्यवहार तोडला नाही आणि वादही झाला नाही. ज्याची चूक, त्याच्याकडे तिची किंमत पोहोचली एवढेच. मात्र सर्वच रक्कम अडवून ठेवू नये. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत, तर आपलेच क्रेडिट परत करावे लागते. आणि १२ तारखेला, टू-बीची वाट न पाहता, सूनबाई मोठ्या दहा पुरवठादारांची विवरणे पोर्टलवर पाहतात. जीएसटी क्रमांक टाकला की कोणी कोणते विवरण कोणत्या तारखेला भरले ते तेथे दिसते.

त्याच पानावर आणखी एक गोष्ट पाहावी. टू-बीत बिल आले याचा अर्थ पुरवठादाराने विक्री जाहीर केली एवढाच, कर भरला असा नव्हे. कर त्याच्या थ्री-बीने भरला जातो. आर्थिक वर्षानंतरच्या ३० सप्टेंबरपर्यंत त्याने ते विवरण भरले नाही, तर आपण घेतलेले क्रेडिट ३० नोव्हेंबरपर्यंत परत करावे लागते. त्याने पुढे भरल्यावर ते पुन्हा घेता येते. परंतु दुकान बंद करून गेलेला माणूस कोठे विवरण भरणार? ज्याच्या नावापुढे जीएसटीआर-१ नियमित आणि थ्री-बी दोन-दोन महिने कोरे दिसते, त्याच्याकडील खरेदी हात राखून करावी.

१४ जुलैला सूनबाईंचा फोन आला. तळवड्याचे १४,४००, घाऊक व्यापाऱ्याचे २७,०००, लुधियानाचे ३६,००० आणि दुरुस्त झालेले ७,२००, असे ८४,६०० रुपये जूनच्या यादीत उतरले होते. “काका,” त्या म्हणाल्या, “या वेळी फक्त वहीत असलेले एकच बिल आहे, आणि ते का आहे तेही मला ठाऊक आहे.”