बोटांनी वाचावे की कानांनी?

'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. विद्यार्थिमित्रांनो, हे शब्द मोठ्याने म्हणून पाहा. नुसत्या कानाला त्यांतला फरक कळत नाही. मोबाइल हवे ते पुस्तक वाचून दाखवत असताना अंध मुलांनी ब्रेल लिपी कशाला शिकावी, असे विचारणाऱ्यांनी ही जोडी लक्षात घ्यावी.

ब्रेलच्या प्रत्येक घरात सहा ठिपक्यांच्या जागा असतात. डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. मराठी ज्या भारती ब्रेलमध्ये लिहितात, तीत ऱ्हस्व वेलांटीसाठी २ व ४ हे ठिपके उठवतात आणि दीर्घ वेलांटीसाठी ३ व ५. दोन्ही जोड्या सारख्याच तिरप्या. दुसरी फक्त एक पायरी, म्हणजे सुमारे अडीच मिलिमीटर खाली. एवढ्या अंतरावर 'दिन'चा 'दीन' होतो!

लहानपणी शिकलेले बोट हे अंतर सहज टिपते. ते ओळीवरून हलकेच, न थांबता सरकते आणि शेजारच्या 'द'वरून वरची पातळी ओळखते. प्रौढपणी दृष्टी गेलेला माणूस बहुधा बोट दाबून धरतो आणि ते वरखाली घासतो. त्यामुळे पातळी हरवते व बोट बधिर होते. शिवाय वयाबरोबर स्पर्शाची सूक्ष्मता कमी होत जाते.

मेंदूचाही यात भाग आहे. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, लहानपणीच अंध झालेले लोक ब्रेल वाचत असताना त्यांच्या डोक्याच्या मागील बाजूस चुंबकीय स्पंद दिले. तेथे मेंदूचे दृष्टिकेंद्र असते. स्पंद देताच त्यांच्या वाचनात चुका होऊ लागल्या. म्हणजे रिकामे राहिलेले दृष्टिकेंद्र बोटांच्या कामाला लागले होते! १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, चौदा वर्षांनंतर अंध झालेल्यांमध्ये हा परिणाम दिसला नाही.

मग प्रौढांनी ब्रेलचा नाद सोडावा काय? मुळीच नाही. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी किंवा स्वतःचे टिपण वाचण्यापुरता वेग सरावाने येतो. परंतु त्यांची गरज निराळी आहे. शुद्धलेखन ते डोळ्यांनी आधीच शिकलेले असतात. मोबाइलने 'दीन' म्हटले, की संदर्भावरून अक्षरे त्यांच्या मनात उमटतात. केवळ ऐकून शिकलेल्या मुलाच्या मनात उमटायला ती अक्षरे येणार कोठून?

माझ्या विषयातही हेच आहे. 'एक भागिले अ अधिक ब' असे ऐकले, तर 'ब' छेदात आहे की बाहेर? ब्रेलच्या गणिती लेखनात अपूर्णांक कोठे संपला याची खूण असते आणि बोट मागे नेऊन ती पुन्हा तपासता येते.

म्हणून माझे मत असे, की गोष्टी खुशाल ऐकाव्यात. पण अंध मुलाच्या बोटांखाली पहिलीपासून ब्रेल असलीच पाहिजे.