दर एका सेलात मावत नाही

फ्लोटिंग दराच्या गृहकर्जाचं वेळापत्रक एक्सेलमध्ये मांडायचं म्हटलं, की बोदवडच्या बाजारपेठेत विचारा किंवा भुसावळच्या एखाद्या बँकेतल्या बाकावर विचारा, सल्ला एकच मिळतो. ‘वर एका सेलात दर टाका, खालच्या सगळ्या ओळी त्याला बांधा. दर बदलला की तो सेल बदला, काम संपलं.’ सल्ला देणारी माणसं अडाणी नसतात. त्यांची शीट नीट रंगवलेली असते आणि हप्त्याचा आकडाही बँकेच्या आकड्याच्या जवळ येतो. म्हणूनच ही पद्धत टिकून आहे, आणि म्हणूनच तिचं खंडन आकड्यांनिशी करायला हवं.

एक कर्ज घेऊ. रक्कम 20,00,000, मुदत 240 महिने, पहिला हप्ता एप्रिल 2022 चा. दर म्हणजे रेपो अधिक 2.90. त्या वेळी रेपो 4 टक्के होता, म्हणून दर 6.90 आणि हप्ता 15,386 रुपये. कर्ज उदाहरणापुरतं आहे, रेपो मात्र खरा आहे. ऑक्टोबर 2019 पासून बँकांनी दिलेली नवी फ्लोटिंग गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या मापाला जोडलेली असतात आणि त्यांचा दर तीन महिन्यांतून निदान एकदा बदलावा लागतो. आपल्या कर्जाचे रीसेटचे महिने जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर धरू, तारीख 1.

4 मे 2022 ला रिझर्व्ह बँकेने रेपो वाढवायला सुरुवात केली आणि 8 फेब्रुवारी 2023 ला तो 6.50 वर नेला. आपल्या कर्जाला ही वाढ त्या त्या दिवशी लागत नाही, पुढच्या रीसेटला लागते. जुलै 2022 ला दर 7.80 झाला, ऑक्टोबरला 8.80, जानेवारी 2023 ला 9.15 आणि एप्रिल 2023 ला 9.40.

आता एका सेलाची पद्धत वापरा आणि वर 9.40 टाका. हप्ता 18,512 येतो. खरा हिशेब केला, म्हणजे प्रत्येक रीसेटला उरलेल्या मुद्दलावर उरलेल्या महिन्यांचा हप्ता नव्याने काढला, तर एप्रिल 2023 चा हप्ता 18,456 येतो. फरक 56 रुपयांचा. इथेच लोक फसतात आणि ‘एवढं चालतंय’ म्हणून पुढे जातात. पण हप्त्याच्या रकान्यावरून नजर काढून व्याजाच्या रकान्याकडे बघा. पहिल्या बारा महिन्यांचं व्याज ही शीट सुमारे 1,86,500 दाखवते, खरं व्याज आहे सुमारे 1,61,500. पंचवीस हजार रुपये व्याज कधी लागलंच नाही, तरी शीटवर ते आहे. कारण उघड आहे: 2023 चा दर तुम्ही 2022 च्या एप्रिललाही लावला. एक सेल बदलला आणि भरून झालेले बारा हप्ते नव्याने लिहिले गेले. पुढे याच शीटवरून कोणी आयकराच्या वजावटीसाठी व्याजाचा अंदाज बांधला, तर चूक कागदावरच राहत नाही.

यावर दुसरा पक्ष उभा राहतो. ‘मग दर बदलला त्या ओळीपासून खाली नवा दर हाताने टाका आणि ओढत न्या.’ हे पहिल्यापेक्षा बरं आहे, कारण मागचं मागे राहतं. पण दर नेमका कोणत्या महिन्यात बदलला, हे मग दोनशे चाळीस ओळींत पसरतं. एखादी ओळ मध्ये घातली, पहिल्या हप्त्याचा महिना सरकवला किंवा बँकेने रीसेट एक महिना पुढे ढकलला, की सगळं ओढणं पुन्हा आलं, आणि चुकलेली ओळ बाहेरून ओळखू येत नाही. त्यातून हप्त्याचा आकडा जुनाच राहिला तर शीट कुरकूरही करत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. दराचा स्वतःचा तक्ता हवा: कोणत्या महिन्यापासून किती. Rates नावाच्या वेगळ्या शीटवर A रकान्यात रीसेटच्या तारखा, B रकान्यात दर % चिन्हासह, पहिली नोंद दुसऱ्या ओळीत, तारखा चढत्या क्रमाने. मुख्य शीटवर B1 मध्ये रक्कम, B2 मध्ये महिने, B3 मध्ये पहिल्या हप्त्याच्या महिन्याची 1 तारीख. B4 मध्ये निवड: 1 म्हणजे दर बदलला की हप्ता बदला, 2 म्हणजे हप्ता तोच ठेवून मुदत बदला. सातव्या ओळीपासून वेळापत्रक सुरू होतं. A मध्ये हप्त्याचा क्रमांक, मग महिना, दर, सुरुवातीची बाकी, व्याज, हप्ता, जादा भरणा आणि अखेरची बाकी. A7 मध्ये 1, A8 मध्ये =A7+1, D7 मध्ये =B1, F7 मध्ये =ROUND(PMT(C7/12,$B$2,-D7),0). बाकी काम आठव्या ओळीतली सूत्रं करतात:

```
B8: =EDATE($B$3,A8-1)
C8: =VLOOKUP(B8,Rates!$A$2:$B$20,2,TRUE)
D8: =H7
E8: =ROUND(D8*C8/12,2)
F8: =IF(OR($B$4=2,C8=C7),F7,
     ROUND(PMT(C8/12,$B$2-A7,-D8),0))
H8: =MAX(0,D8+E8-F8-G8)
```

B, C, E आणि H ही चार सूत्रं सातव्या ओळीतही तशीच टाका आणि आठवी ओळ खाली ओढा. VLOOKUP मधला शेवटचा TRUE सगळ्यात महत्त्वाचा. तो नेमकी तारीख शोधत नाही, त्या महिन्यापर्यंत लागू झालेली शेवटची नोंद शोधतो. म्हणून ऑगस्ट 2022 ला जुलैचाच दर मिळतो आणि तक्त्यात फक्त बदलाचे महिने लिहिले तरी पुरतं. F8 मधली C8=C7 ही अटही सहज म्हणून टाकलेली नाही. ती नसेल तर जादा रक्कम भरल्यावर दर तोच असताना पुढच्याच ओळीत हप्ता उतरतो, आणि बँक तसं आपणहून करत नाही.

या बांधणीचा एक दगाबाज कोपरा आहे, तो म्हणजे तारीख. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर 01-07-2022 हे एक्सेल 7 जानेवारी समजतं. मग वर्षातले सगळे रीसेट जानेवारीत येऊन पडतात आणि VLOOKUP भलताच दर आणून ठेवतो, चूक दाखवत नाही. काही वेळा तारीख नुसता मजकूर म्हणून बसते आणि सेलात डावीकडे चिकटलेली दिसते. उपाय: तारीख =DATE(2022,7,1) अशी लिहा, रकान्याला महिना अक्षरी दिसेल असं स्वरूप द्या आणि तक्ता एकदा वाचून काढा.

तिसरा पक्ष सगळ्यात गोड आहे आणि तोच सगळ्यात महाग पडतो. ‘आपला हप्ता बदलत नाही, बँक मुदत थोडी वाढवते, आपल्याला काय त्रास?’ आमच्या पट्ट्यात या म्हणण्याला वजन आहे, हे मान्य. जुलैचा रीसेट बियाणं-खतात पैसा अडकलेला असताना येतो, कापसाचा पैसा दिवाळीनंतर हातात येतो. त्या वेळी हप्ता न वाढणं ही सोय खरीच आहे. पण B4 मध्ये 2 टाका, प्रत्येक रीसेटला उरलेले हप्ते NPER ने काढा आणि शीट काय सांगते ते बघा. हप्ता 15,386 वरच. जुलै 2022 ला 237 हप्ते उरायला हवे होते, ते 283 झाले. ऑक्टोबरला 395. जानेवारी 2023 ला 518, म्हणजे आणखी त्रेचाळीस वर्षं. एप्रिल 2023 ला NPER हे सूत्र #NUM! दाखवतं. लोकांना वाटतं सूत्र चुकलं. सूत्र बरोबर आहे. बाकी 19,77,329, त्यावर 9.40 ने महिन्याचं व्याज 15,489, आणि हप्ता 15,386. हप्ता भरून कर्ज 103 रुपयांनी वाढलं. हे कर्ज या हप्त्यात कधीच फिटणार नाही, म्हणून उत्तर नाही. वेळापत्रकात व्याज हप्त्यापेक्षा जास्त असलेली ओळ लाल व्हावी, अशी अट =$E8>$F8 वर बसवून ठेवा.

असं होऊ नये म्हणून रिझर्व्ह बँकेने 18 ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकात दोन गोष्टी स्पष्ट केल्या. मुदत वाढवताना व्याजही न भागणारा हप्ता ठेवायचा नाही, आणि हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची, दोन्ही करायचं की मुदतीआधी काही रक्कम भरायची, हा पर्याय कर्जदाराला द्यायचा. B4 चा सेल म्हणजे हाच पर्याय. जुलैत मुदत वाढू द्या, पण कापूस विकल्यावर G रकान्यात रक्कम पडलीच पाहिजे. वैयक्तिक फ्लोटिंग गृहकर्जावर मुदतपूर्व भरण्याचा दंड नाही.

‘हे सगळं बँक पाठवतेच की’ असंही कोणी म्हणेल. दर तिमाहीचं विवरण मिळायला हवं, खरं आहे. त्यात आजवर वसूल झालेलं मुद्दल आणि व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि दर असतो. म्हणजे आजची स्थिती कळते. पर्याय बदलला असता तर काय झालं असतं, ते त्यात नसतं.

उलट टोकाची माणसंही भेटतात. शीट बँकेच्या उताऱ्याशी पैशापैशाने जुळली नाही की ती बँकेला चोर ठरवतात. काही बँका व्याज रोजच्या बाकीवर मोजतात. जुलै 2022 चं आपलं व्याज महिन्याच्या हिशेबाने 12,924 येतं, एकतीस दिवसांच्या हिशेबाने 13,172. अठ्ठावीस दिवसांच्या फेब्रुवारीत फरक उलट पडतो आणि तो बराच मोठा असतो. असा पुढेमागे होणारा फरक सोडून द्या. तो एकाच बाजूला वाढत गेला तर मात्र रीसेटची तारीख किंवा रेपोवरचा अधिभार तपासा. बहुधा तक्त्यातली एखादी नोंद बँकेच्या नोंदीपेक्षा वेगळी असते.

2025 मध्ये रेपो उतरू लागला. फेब्रुवारीत 6.25, एप्रिलमध्ये 6.00, जूनमध्ये 5.50, डिसेंबरमध्ये 5.25. 9 एप्रिलची कपात आपल्या 1 एप्रिलच्या रीसेटला चुकली, म्हणून जुलैत पाऊण टक्का एकदम उतरला. तक्त्यात तीन नोंदी वाढतात: एप्रिल 9.15, जुलै 8.40, जानेवारी 2026 ला 8.15. हप्ता बदलत ठेवला तर जानेवारी 2026 ला तो सुमारे 17,041 होतो आणि 195 हप्ते उरतात. पण एप्रिल 2025 पासून हप्ता 18,456 वरच ठेवला असता, तर त्याच दिवशी 166 हप्तेच उरले असते, दर पुढे तोच राहिला तर. एकोणतीस हप्ते कमी. बँकेने तुमच्या कर्जात यातलं काय केलं ते विवरणात बघा, आणि दुसरा पर्याय हवा असेल तर पुढच्या रीसेटच्या आधी शाखेत लेखी अर्ज द्या.