टाके तुटतील म्हणून रुग्णाला झोपवून ठेवू नका

पोटाचे ऑपरेशन झालेल्या माणसाला भेटायला गेलो की आपल्या तोंडून हमखास निघते, "उठू नकोस, टाके तुटतील." हे मायेपोटीच म्हटले जाते. पण याच मायेमुळे रुग्णाच्या छातीला धोका होतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. हा धोका टाळायचा तर श्वासाचा व्यायाम आणि उठण्याची रीत ऑपरेशनच्या आधीच शिकवली गेली पाहिजे.

बरगड्यांखाली चीर दिली की श्वास घेताना दुखते. म्हणून रुग्ण वरवरचा श्वास घेतो आणि खोकला दाबतो. हवा फुप्फुसांच्या तळापर्यंत पोहोचत नाही, तिथल्या हवेच्या बारीक पिशव्या मिटतात, कफ साचतो आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. सतत पडून राहिले तर हे आणखी वाढते.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये पोटाच्या वरच्या भागाचे मोठे ऑपरेशन ठरलेल्या 441 रुग्णांवर याचा अभ्यास झाला. तो 2018 साली प्रसिद्ध झाला. माहितीपुस्तिका सगळ्यांनाच दिली होती. निम्म्या रुग्णांना त्याशिवाय फिजिओथेरपिस्टने ऑपरेशनच्या आधी एकदाच, 30 मिनिटे समोर बसून शिकवले. नुसती पुस्तिका मिळालेल्यांपैकी शेकडा 27 जणांना छातीचा त्रास झाला, तर शिकवलेल्यांपैकी शेकडा 12 जणांना. म्हणजे हातात कागद देणे वेगळे आणि करून घेणे वेगळे.

एक उदाहरण घेऊ. पन्नाशीच्या एका मावशींच्या पित्ताशयात खडे आहेत. दुर्बिणीतून जमणार नाही, म्हणून पोट उघडून ऑपरेशन ठरले आहे. आदल्या दिवशी सिस्टर त्यांना बसवून शिकवतात, आणि रात्री सोबत राहणारी लेकही शेजारी असते. दोन्ही हात खालच्या बरगड्यांवर ठेवायचे. नाकाने सावकाश श्वास घ्यायचा, हात बाहेर ढकलले जातील इतका. तीन आकडे मोजेपर्यंत थांबायचे आणि तोंडाने हळू सोडायचा. असे दहा श्वास झाले की घडी केलेली चादर किंवा उशी पोटावर घट्ट दाबून दोन-तीनदा खोकायचे. पोटाला आधार मिळाला की खोकताना कमी दुखते.

ऑपरेशननंतर शुद्ध नीट आली की हेच सुरू करायचे, जागेपणी दर तासाला. तेव्हा गुंगी असते, वेदना असते. नवीन काही शिकायची ती वेळ नव्हे. आधी केलेले असेल तर लेकीने नुसते "मावशी, दहा श्वास" असे नव्हे, "आई, दहा श्वास" म्हटले की पुरते.

उठणे दुसऱ्या दिवशी सकाळी, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. दुखण्याचे औषध घेऊन अर्धा-पाऊण तास झाला की उठणे सोपे जाते. सरळ उठून बसायचे नाही, त्याने पोटावर ताण येतो. आधी गुडघे दुमडून कुशीवर वळायचे, पाय खाटेखाली सोडायचे आणि हाताच्या रेट्याने बसायचे. दोन मिनिटे तसेच बसायचे. चक्कर आली नाही तर धरून उभे राहायचे आणि खुर्चीपर्यंत चार पावले टाकायची. लघवीची पिशवी कमरेखालीच धरायची. संध्याकाळी पुन्हा थोडे, आणि तिसऱ्या दिवशी वॉर्डभर फेरी. अशा चालण्याने टाके तुटत नाहीत. ताण येतो तो वजन उचलण्याने. म्हणून घरी आल्यावर डॉक्टर परवानगी देईपर्यंत पाण्याचा हंडा उचलायचा नाही. त्याला साधारण सहा आठवडे लागतात.

काही लक्षणे दिसली तर मात्र चालणे थांबवून लगेच सिस्टरना बोलवायचे: बसल्या जागी दम लागणे, ताप आणि पिवळा-हिरवा कफ, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणे, किंवा जखमेतून अचानक गुलाबी पाणी वाहणे.

बऱ्याच वॉर्डांत एका सिस्टरकडे खूप रुग्ण असतात, फिजिओथेरपिस्ट रोज येतोच असे नाही, हे आम्ही जाणतो. म्हणूनच मागणी घरच्यांनी करायची. संमतीच्या कागदावर सही करताना विचारा, "श्वासाचा व्यायाम आणि उठायची रीत आज करून दाखवाल का?" दाखवले की रुग्णाकडून तिथेच एकदा करून घ्या. बिडी-सिगारेट ओढत असेल तर ऑपरेशनची तारीख मिळाली त्याच दिवशी सोडायला लावा. चार आठवडे आधी सुटली तर छातीला जास्त फायदा. आणि भेटायला जाल तेव्हा "पडून राहा" म्हणू नका. "आज किती पावले चाललात?" असे विचारा.