मान्सूनचा नळ मस्कारिनला नाही

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या एका व्याख्यानात अलीकडे अर्ध्या तासात सगळा मान्सून उलगडून झाला. व्याख्यात्यांचं म्हणणं थोडक्यात असं. मादागास्करच्या पूर्वेला मस्कारिन बेटांच्या परिसरात हवेचा उच्च दाब असतो. तिथून निघालेला वारा केनिया-सोमालियाच्या किनाऱ्यालगत विषुववृत्त ओलांडतो, त्याचा झोत होतो, आणि तो बाष्प घेऊन अरबी समुद्रावरून आपल्याकडे येतो. तिकडचा दाब चढला की इकडे पाऊस, उतरला की दुष्काळ. नळ तिकडे, बादली इकडे! टाळ्या पडल्या आणि प्रश्नांना वेळ उरला नाही. वक्त्यांच्या दृष्टीने ते सोयीचंच झालं.

झोत खरा आहे, त्याबद्दल वाद नाही. जोसेफ आणि रामन यांनी १९६६ साली भारतीय द्वीपकल्पावर जुलै महिन्यात वाहणारा हा खालच्या थरातला झोतवारा दाखवून दिला. १९६९ साली फिंडलेटर यांनी त्याचा माग थेट पूर्व आफ्रिकेपर्यंत काढला. जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवर त्याचा गाभा असतो. सरासरी वेग ताशी पन्नास-साठ किलोमीटर, आणि जोरात असला तर त्याहून कितीतरी जास्त. पूर्व आफ्रिकेचे डोंगर त्याला पश्चिमेकडे पसरू देत नाहीत, म्हणून तो तिथे इतका अरुंद आणि वेगवान होतो. इथवर व्याख्याते बरोबर. पण ‘तो जोर का धरतो आणि का सोडतो’ या प्रश्नाला त्यांनी दिलेलं उत्तर मात्र उलट्या टोकाकडून सुरू होतं.

आपल्या गावाचंच उदाहरण घ्या. २०२३ चा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पाऊस झाला, आणि गुजरातमध्ये तर तो महिना जवळजवळ कोरडाच गेला. पुढच्याच वर्षी, २०२४ च्या ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्रीने धोक्याची २५ फुटांची पातळी ओलांडून ३५ फूट गाठले आणि वडोदऱ्यात लष्कराला बोलवावं लागलं. नळवाल्यांना विचारा, ते म्हणतील की एकदा नळ बंद होता, एकदा पूर्ण सोडलेला होता. मग २०२३ च्या त्याच कोरड्या ऑगस्टच्या मध्याला शिमल्यात दरडी कोसळत होत्या, त्या पावसाचं पाणी कुठल्या नळाचं?

पावसाने ओढ दिली की झोत आटला असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात खंडाच्या काळात झोत सहसा बंद पडत नाही, तो रस्ता बदलतो. चांगल्या पावसाच्या दिवसांत त्याचा गाभा साधारण १२ ते १७ अक्षांशांच्या दरम्यान, म्हणजे गोवा-कर्नाटकच्या पट्ट्यातून, द्वीपकल्प ओलांडतो. खंड पडला की तोच गाभा अरबी समुद्राच्या मध्यावरून आग्नेयेकडे वळतो आणि भारताला बगल देत श्रीलंकेच्या दक्षिणेकडून निघून जातो. वारा आहे, बाष्प आहे, पण ते आपल्या वाट्याला येत नाही. मस्कारिनचा दाब कितीही मोजला तरी वारा पुढे कुठे वळणार हे त्यातून कळत नाही.

तो वळतो कुणामुळे? ढगांमुळे. बंगालच्या उपसागरावर उंच ढगांची गर्दी झाली की दोन-तीन दिवसांनी द्वीपकल्पावरचा झोत बळकट होतो. क्रम लक्षात घ्या: आधी ढग, मग वारा. एक किलो बाष्पाचं पाणी होताना सुमारे २५ लाख ज्यूल उष्णता हवेत मोकळी होते. त्या उष्णतेने वरची हवा तापते, खालचा दाब उतरतो आणि वारा तिकडे खेचला जातो. हे ढग विषुववृत्ताजवळच्या समुद्रावर जमले, तर झोतही तिकडेच ओढला जातो.

आणखी एक गोष्ट आहे, आणि नळाच्या सिद्धांताला ती फारच अडचणीची आहे. दक्षिण गोलार्धातून आलेल्या हवेत पृथ्वीच्या फिरण्यामुळे आलेला एक भोवरागुण असतो. वाटेत काहीच घडलं नाही, तर विषुववृत्त ओलांडल्यावर ही हवा उजवीकडे वळत वळत पुन्हा दक्षिणेकडे परतते. ती उत्तरेत टिकते, कारण जमीन आणि समुद्र यांच्याशी होणारं घर्षण तिचा तो गुण बदलतं, आणि तितकंच महत्त्वाचं म्हणजे मान्सूनच्या पावसातून सुटलेली उष्णता तो बदलते. म्हणजे पाऊस नसता तर पाऊस आणणारा वाराही आपल्यापर्यंत पोचला नसता. ज्याचं पाणी अर्ध्या वाटेवरून माघारी फिरतं असा नळ व्याख्यात्यांनी कुठे पाहिला असेल तर आम्हालाही दाखवावा.

बाकीचे मुद्दे लवकर आटपतो. ‘मे जितका तापेल तितका झोत जोरदार’: दुष्काळाच्या वर्षी जमीन जास्तच तापते, पण मान्सून येत नाही. ‘वारा वाढला की बाष्प वाढतं’: वाढतं, पण जोरदार वारा सोमालियाच्या किनाऱ्यावर खालचं गार पाणी वर आणतो आणि तिथलं बाष्पीभवन कमी करतो.

‘सगळं बाष्प दक्षिण गोलार्धातलं’ हे वाक्य मात्र मला विशेष खटकलं. साठ-सत्तरच्या दशकांत यावर चांगलीच जुंपली होती. एक पक्ष म्हणत होता की पश्चिम किनाऱ्यावर पडणारं पाणी मुख्यतः अरबी समुद्रातूनच उडतं. दुसरा म्हणत होता की बराचसा माल विषुववृत्तापलीकडून येतो. दोन्ही बाजूंनी मोजमापं पुढे केली, आणि मोजण्याची चौकट सरकली की उत्तरही सरकत होतं. पुढच्या हिशेबांत दक्षिणेचा वाटा मोठा निघाला, पण अरबी समुद्राचा वाटाही राहिलाच. इतक्या माणसांनी इतकी वर्षं घातलेला हा वाद व्याख्यात्यांनी चहाच्या आधी मिटवला.

मग माझं म्हणणं काय? झोत आणि पाऊस हे एकमेकांना पोसणारं चक्र आहे. ढग वाऱ्याला ओढतात, वारा ढगांना बाष्प पुरवतो. मस्कारिनकडून अधूनमधून धक्का येतो, हेही खरं. पण चक्राला ब्रेकही आहे. ढगांच्या सावलीने आणि वाऱ्याने घुसळल्यामुळे उपसागराचा पृष्ठभाग थंडावतो, ढगांचा पट्टा उत्तरेला हिमालयाच्या पायथ्याशी सरकून विरतो, आणि तोवर विषुववृत्ताजवळचं स्वच्छ उन्हात तापलेलं पाणी नवे ढग उभारतं. झोत तिकडे जातो, आपल्याकडे खंड पडतो. साधारण ३० ते ५० दिवसांनी पट्टा पुन्हा उत्तरेकडे चढतो. २०२४ मध्ये उपसागराकडून आत शिरलेली कमी दाबाची प्रणाली मध्य प्रदेश, राजस्थान ओलांडून गुजरातवर रेंगाळली आणि झोताचं बाष्प आपल्या अंगणात खेचत राहिली. पुढे ती समुद्रात उतरून ३० ऑगस्टला ‘असना’ चक्रीवादळ झाली. अरबी समुद्रात ऑगस्टमध्ये असं १९७६ नंतर प्रथमच घडलं.

हे सगळं पटत नसेल, तर केरळात मान्सून आल्याचं हवामान खातं कशावरून ठरवतं ते पाहा. १४ केंद्रांपैकी किमान ६० टक्के ठिकाणी सलग दोन दिवस अडीच मिलिमीटर पाऊस हवा. पश्चिमी वारे पुरेसे खोल आणि खालच्या थरात १५ ते २० नॉट वेगाचे हवेत. आणि आकाशाकडे जाणारी उष्णता ढगांनी इतकी अडवलेली हवी की ती चौरस मीटरला २०० वॉटच्या खाली यावी. पाऊस, वारा, ढग. मस्कारिनचा दाब त्या निकषांत नाही.