मागच्या तीन महिन्यांची सरासरी पावसाळ्यात का फसते? हिवतापाच्या किटचं गणित

बारावी वाणिज्यच्या गणितात काल श्रेणीचं प्रकरण आपण शिकवतो. कल, ऋतूनुसार बदल, चक्रीय बदल आणि अनियमित बदल असे चार घटक मुलं पाठ करतात, फिरती सरासरी काढतात आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतात. माझं मत असं आहे की आपल्या गडचिरोली-चंद्रपूरच्या मुलांना हे प्रकरण एकाच उदाहरणावर शिकवावं, ते म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात हिवतापाच्या रॅपिड किट दर महिन्याला किती लागतील. आणि हेच गणित आरोग्य केंद्राच्या औषध भांडारातही भिंतीवर लावलेलं असावं. कारण मागणी काढण्याची सगळीकडे चालणारी सोपी रीत, म्हणजे मागच्या तीन महिन्यांच्या खपाची सरासरी, आपल्या भागात नेमकी नको त्या वेळी दगा देते.

आधी परिस्थिती बघू. महाराष्ट्रात हिवतापाचा मोठा भार वर्षानुवर्षं गडचिरोली जिल्ह्यावर आहे, त्यातही भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची अशा जंगलातल्या तालुक्यांवर. इथे फॅल्सिपेरम जातीचा हिवताप भरपूर आढळतो. तो डोक्यात गेला तर जीव जातो, म्हणून ताप आला की लगेच तपासणी आणि लगेच उपचार हाच मार्ग. आशाताई बोटातून रक्ताचा थेंब घेते आणि वीस मिनिटांच्या आत पट्टीवर निकाल दिसतो. पाऊस सुरू झाला की तापाचे रुग्ण वाढतात, आणि नेमका त्याच वेळी रस्ता बंद होतो. पर्लकोटा नदीच्या पुरात भामरागडचा संपर्क तुटतो, हे दर पावसाळ्यात आपण वाचतो. म्हणजे जून ते सप्टेंबरची किट मे महिन्यातच मागवून, आत पोचवून ठेवावी लागते. चार महिन्यांचा अंदाज एका झटक्यात करायचा आहे.

आता उदाहरण. आकडे मी गणितासाठी मानलेले आहेत, कोणत्याही खऱ्या केंद्राचे नाहीत. एका केंद्रात मार्चमध्ये १९४, एप्रिलमध्ये २१७ आणि मेमध्ये २७६ किट लागली. सरासरी आली २२९. चार महिन्यांसाठी मागणी गेली ९१६ किटची. दिसायला हिशेब चोख आहे. पण उन्हाळ्याचे आकडे पावसाळ्याबद्दल काहीच सांगत नाहीत.

म्हणून पहिलं काम, ऋतू वेगळा काढायचा. मागच्या तीन वर्षांचं रजिस्टर घ्या. प्रत्येक महिन्याच्या आकड्याला त्या वर्षाच्या मासिक सरासरीने भागा. समजा जुलैत ६४०, ७६५ आणि ६३० किट लागली, आणि त्या वर्षांच्या मासिक सरासऱ्या होत्या ४००, ४५० आणि ३५०. भागाकार येतात १.६, १.७ आणि १.८. त्यांची सरासरी १.७. हा जुलैचा ऋतू निर्देशांक. याचा अर्थ एवढाच की जुलैत साधारण महिन्याच्या पावणेदोन पटीच्या जवळपास किट लागतात. असे बारा महिन्यांचे बारा आकडे काढायचे. आपल्या उदाहरणात ते असे आले: जानेवारी ०.६, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल प्रत्येकी ०.५, मे ०.६, जून १.०, जुलै १.७, ऑगस्ट १.७, सप्टेंबर १.४, ऑक्टोबर १.५, नोव्हेंबर १.२, डिसेंबर ०.८. बेरीज बरोबर १२ यायला हवी. नसेल तर सगळ्यांना त्याच प्रमाणात कमी-जास्त करून १२ करून घ्यायची.

दुसरं काम, स्मूदिंग. महिन्याचा खरा आकडा त्याच्या निर्देशांकाने भागला की ऋतू निघून जातो आणि उरते ती केंद्राची 'पातळी'. ती दर महिन्याला थोडी थोडी दुरुस्त करायची:

नवी पातळी = जुनी पातळी + ०.२ × (ऋतू काढलेला आकडा − जुनी पातळी)

हा ०.२ म्हणजे अल्फा. चूक किती प्रमाणात मनावर घ्यायची, ते तो ठरवतो. ताज्या महिन्याला ०.२ वजन, त्याआधीच्याला ०.१६, त्याआधीच्याला ०.१२८, असं वजन प्रत्येक पायरीला ०.८ पट होत जातं. म्हणून नाव एक्स्पोनेन्शियल. जुनी माहिती फेकली जात नाही, नुसती फिकी होत जाते.

डिसेंबर अखेर पातळी ४०० होती असं धरू. जानेवारीत किट लागली २५२. भागिले ०.६ म्हणजे ४२०. जुन्या पातळीपेक्षा २० जास्त, त्याचा पाचवा भाग ४, नवी पातळी ४०४. फेब्रुवारीत २१२, भागिले ०.५ म्हणजे ४२४, पातळी ४०८. मार्चमध्ये १९४, म्हणजे ३८८, पातळी पुन्हा ४०४. एप्रिलमध्ये २१७, म्हणजे ४३४, पातळी ४१०. मेमध्ये २७६, म्हणजे ४६०, पातळी ४२०.

आता अंदाज. पातळी ४२० ला प्रत्येक महिन्याच्या निर्देशांकाने गुणायचं. जून ४२०, जुलै ७१४, ऑगस्ट ७१४, सप्टेंबर ५८८. एकूण २,४३६. सरासरीच्या रीतीने आपण ९१६ मागवली होती. फरक १,५२० किटचा आहे. जूनमधली ४२० वापरून झाली की ९१६ पैकी ४९६ उरतात, म्हणजे जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच पेटी रिकामी, पूल पाण्याखाली.

उलटी बाजूही बघा. तीच रीत नोव्हेंबर अखेरीस वापरली तर सप्टेंबर ते नोव्हेंबरची सरासरी ५७४ येईल आणि पुढच्या चार महिन्यांसाठी २,२९६ किट मागवली जातील. लागतील मात्र सुमारे १,००८. उरलेली कपाटात पडून राहतात, आणि किटला मुदत असते, उन्हाळ्याची उष्णताही तिला सोसत नाही. हवी तेव्हा नाही आणि नको तेव्हा ढीग, ही तक्रार नेहमी माणसांच्या ढिलाईवर ढकलली जाते. माझ्या मते बऱ्याचदा दोष सूत्राचा असतो.

पण माझा खरा आग्रह पुढच्या मुद्द्यासाठी आहे. रजिस्टरमध्ये लिहिला जातो तो खप, मागणी नव्हे. समजा जुलैत किट २० तारखेला संपली आणि तोवर ४५९ वापरली गेली. रजिस्टर म्हणेल जुलै ४५९. भागिले १.७ म्हणजे २७०. जूनमध्ये पातळी ४२० च राहिली असेल, तर ती आता घसरून ३९० होईल. सूत्राला वाटेल हिवताप कमी झाला! मग ऑगस्टचा अंदाज ७१४ ऐवजी ६६३ येईल. आणि पुढच्या वर्षी निर्देशांक काढताना हाच ४५९ जुलैच्या खात्यात बसेल, जुलैचा निर्देशांकही खाली येईल. एकदा पडलेला तुटवडा असा पुढच्या तुटवड्याची सोय करून ठेवतो.

यावर उपाय एका जादा रकान्याचा आहे: या महिन्यात किट किती दिवस शिल्लक होती? वीस दिवसांत ४५९, तर एकतीस दिवसांत ४५९ × ३१ ÷ २० म्हणजे साधारण ७११. हा आकडा सूत्रात घातला की पातळी जवळपास ४२० च राहते. किट अगदीच थोडे दिवस शिल्लक होती, तर असा अंदाज भरवशाचा नाही, त्या महिन्यात पातळी बदलूच नये. तसंच, एखाद्या गावात साथ आली म्हणून सगळ्यांचीच तपासणी मोहीम झाली असेल, तर ती किट वेगळी नोंदवावी, नाहीतर पातळी उगाच फुगते.

पद्धत बिघडते आहे हे कसं कळेल? प्रत्येक महिन्याची चूक चिन्हासकट लिहून ठेवायची. आपल्या पाच महिन्यांत पातळीतल्या चुका होत्या +२०, +२०, −२०, +३०, +५०. चिन्ह सोडून सरासरी २८. चिन्हासकट बेरीज १००. शंभर भागिले अठ्ठावीस, साडेतीनच्या थोडं वर. हा आकडा चारच्या पुढे गेला की पातळी मागे पडते आहे असं समजायचं, हा रूढ ठोकताळा आहे. म्हणजे आपलं केंद्र सीमेवर आहे, रुग्ण खरंच वाढत असावेत. इथे २,४३६ वर थांबू नये, वर राखीव साठा ठेवावा आणि आशाताईंना विचारावं की कोणत्या पाड्यात काय चाललंय.

मर्यादाही सांगायला हव्यात. पाऊस पंधरा दिवस उशिरा आला तर जूनचा आकडा कमी येतो आणि सूत्र पातळी खाली ओढतं. म्हणून त्या वर्षी जून-जुलै एकत्र बघूनच निर्णय घ्यावा. रुग्ण वर्षागणिक सतत घटत किंवा वाढत असतील तर साधं स्मूदिंग कायम एक पाऊल मागे राहतं. त्यासाठी कलही धरणारी रीत होल्ट यांनी १९५७ मध्ये मांडली आणि विंटर्स यांनी १९६० मध्ये ती ऋतूसकट पुढे नेली. आणि महिन्याला पाच-सात किट लागणाऱ्या उपकेंद्राने स्वतःचा निर्देशांक काढू नये, एवढ्या लहान आकड्यांत ऋतू दिसत नाही, नुसता योगायोग दिसतो. निर्देशांक तालुक्याचा घ्यावा, पातळी आपली ठेवावी. मात्र तालुका आपलाच असावा. राज्याचा निर्देशांक भामरागडला लावणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालणं.

काही जण म्हणतात, हे काम संगणकावर सोडा, औषध भांडारात कोण गुणाकार करत बसेल? संगणकावर जरूर करा. पण पेटी किती तारखेला रिकामी झाली हे संगणकाला कोणीतरी सांगावंच लागतं, आणि तो रकाना का भरायचा हे ज्याला कळलं तोच तो भरेल. बारा निर्देशांक, एक पातळी आणि शिल्लक दिवसांचा एक रकाना, एवढं एका कागदावर मावतं. गणित आठवीच्या गुणोत्तरापलीकडचं नाही. आपल्या वर्गातलीच मुलं उद्या त्या केंद्रांत औषधनिर्माण अधिकारी आणि परिचारिका म्हणून बसणार आहेत. त्यांना फिरती सरासरी शिकवताना, ती जुलैत का फसते हेही त्याच तासाला शिकवूया.