मरीन घेतलं, आणि कडा उघड्याच

रायपूरला फाफाडीहच्या बाजारात प्लायवूड पाहायला गेलात की दुकानदाराचं वाक्य ठरलेलं: "साहब, मरीन है, पानी में डाल दो।" आमची मराठी मंडळी लगेच विरघळतात. घर काय रोज होतं, म्हणत बेडरूमच्या कपाटांनाही मरीन लावतात आणि दोन पावसाळ्यांनी सिंकखालची फळी फुगली की दुकानदाराच्या नावाने बोटं मोडतात. दुकानदार लबाड असेलही, पण तुम्ही विकत काय घेतलंत?

मरीन म्हणजे आयएस ७१०. त्याचा तुकडा ७२ तास उकळून थर सुटतात का ते बघतात. परीक्षा होते ती डिंकाची. बीडब्ल्यूपी हा शिक्काही डिंकाचाच. लाकूड मात्र कापलेल्या कडेतून पाणी पितच राहतं. आयएस ३०३ मधल्या बीडब्ल्यूआरला आठ-आठ तास उकळतात. ज्याला बाजार 'कमर्शियल' म्हणतो त्या एमआरला उकळतच नाहीत, ६० अंशांच्या पाण्यात तीन-तीन तास भिजवतात. एवढं कळलं की निवड सोपी आहे. कोरड्या खोलीतल्या कपाटाला एमआर पुरतं. बाथरूमच्या भिंतीला टेकणारी पाठ आणि स्वयंपाकघरातली बाकी कपाटं बीडब्ल्यूआरची करा. सिंकची पेटी आणि जमिनीलगतचे भाग तेवढे ७१० चे. शिक्क्यात आयएस क्रमांक आणि सीएम/एल परवाना क्रमांक नसेल, तर नुसत्या 'मरीन' या छापाला रद्दीचा भाव. परवाना बीआयएस केअर ॲपवर तिथेच तपासा. तरीही शंका उरली तर एक तुकडा घरी आणून चार तास उकळा. बीडब्ल्यूआर म्हणून विकलेल्याचे थर पोथीच्या पानांसारखे सुटले, तर माल परत.

आता मिस्त्रीची करामत. आठ बाय चारच्या शीटचा घेर २४ फूट. तिचे दोन बाय चारचे चार तुकडे केले की कडा होतात ४८ फूट. १९ मिलिमीटर जाडीने हिशेब केला तर उघडं लाकूड जेमतेम तीन चौरस फूट. तेवढ्याला घासून पीयू सीलरचे दोन हात द्यायला मिस्त्रीला कंटाळा आणि तुम्हाला पैसे जास्त वाटतात! समोरच्या कडेला चकचकीत पट्टी चिकटवली की सगळे खूश. पण पाणी येतं ते मागच्या आणि खालच्या कडेने, बिजागरीच्या ३५ मिलिमीटरच्या भोकातून, पाइपसाठी करवतीने पाडलेल्या खिडकीतून. तिथे पट्टी लागतच नाही. वर फरशी धुताना बादलीभर पाणी थेट पेटीच्या बुडाशी. पेटी चार इंची पीव्हीसी पायांवर उचला, तर निम्मं दुखणं जाईल.

पेटी भिंतीला ठोकण्याआधी ती उलटी करायला लावा. बुडाच्या कडेला सीलर दिसला नाही, तर मिस्त्रीचा शेवटचा हप्ता देऊ नका.