मागे लागलेला जिन की थकवलेला हिस्सा?

कुणीतरी मागे लागलं आहे. दिसत नाही, फक्त पावलं ऐकू येतात. पाय उचलत नाहीत आणि घाम फुटून जाग येते. हे स्वप्न वारंवार पडू लागलं की मोहल्ल्यातला सल्ला ठरलेला: आमिलकडे जा, कुणीतरी काहीतरी केलंय. मग तावीज, दम केलेलं पाणी आणि वर नजराणा.

या धंद्याला दीनचा आधार समजणाऱ्यांनी हदीस तरी वाचावी. सहीह मुस्लिममध्ये स्वप्नांचे तीन प्रकार आले आहेत: अल्लाहकडची खुशखबर, शैतानाने दिलेला त्रास, आणि माणसाच्या स्वतःच्या मनात घोळत असलेली गोष्ट. वाईट स्वप्न पडलं तर पनाह मागा, कूस बदला, कुणाला सांगू नका, अशीही शिकवण आहे. आमिलची कमाई तर सांगण्यावरच चालते! तिसऱ्या प्रकाराचं तो नावही काढत नाही, कारण तिथे त्याला काम उरत नाही.

माझ्या ओळखीचे एक गृहस्थ. अब्बांच्या इंतकालाला सहा वर्षं झाली, तरी घरातला दोन बहिणींचा हिस्सा यांनी दिलेला नव्हता. तावीज बांधल्यावर तीन आठवडे शांत झोप लागली, मग पावलं परत आली. तेव्हा त्यांनी एक वही केली. रोज सकाळी दोनच गोष्टी लिहायच्या: स्वप्न पडलं का, आणि काल काय टाळलं. स्वप्न न पडलेले दिवसही लिहायचे, नाहीतर योगायोगालाच पुरावा मानलं जातं. दोन महिन्यांत स्वप्न 11 वेळा पडलं. त्यातल्या 8 वेळा आदल्या दिवशी बहिणीचा फोन कट केलेला होता. बाकीच्या पन्नासेक दिवसांत असं फक्त तीनदा घडलं होतं.

फोन कट केला की क्षणभर हायसं वाटतं, आणि तेच हायसं वाटणं पुढचाही फोन कट करायला शिकवतं. तावीजही नेमकं हेच करतो. घराची किंमत काढून त्यांनी बहिणींसमोर हिशेब मांडला, तेव्हापासून स्वप्न विरळ झालं आहे. बंद झालेलं नाही. पैसे अजून द्यायचे आहेत.

पण प्रत्येकाला ‘तू काहीतरी टाळतोयस’ म्हणून सुनावणारे नवे शहाणेही मला आमिलइतकेच खटकतात. 1992-93 च्या दंगलीत मुंबईत जे खरोखर जीव घेऊन पळाले, त्यांच्या स्वप्नातला पाठलाग ही कामचुकारी नाही, ती जखम आहे. त्यांच्यासाठी वेगळा उपचार आहे. जागेपणी स्वप्नाचा शेवट स्वतः बदलून लिहायचा आणि रोज दहा-वीस मिनिटं तो नवा शेवट डोळ्यांसमोर आणायचा. बॅरी क्रॅको यांनी अत्याचार सोसलेल्या स्त्रियांवर याची चाचणी घेतली आणि 2001 मध्ये तिचे निष्कर्ष छापले. भयस्वप्नं कमी झाली होती. हे मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली करावं.